चिऱ्याच्या घरात ५ गिगाहर्ट्झ मागच्या खोलीपर्यंत का पोचत नाही? फोनवर सिग्नल मोजून बँड कसा निवडावा?

तांबडी_माती

घर बांदोड्याला, जुने, चिऱ्याचे, वर कौले. फायबरचा डबा सोप्यात मीटरच्या शेजारी बसवलाय, वायफाय त्यातूनच येते. मागच्या खोलीत रोज व्हिडिओ कॉल असतात. फोनला दोन नावे दिसतात, एक साधे आणि एकापुढे `_5G`. मागच्या खोलीत `_5G` चे नाव दिसते, फोन जोडलाही जातो, पण कॉल गोठतो. साधे नाव निवडले तर वेग कमी, तरी कॉल चालतो. कंपनीचा माणूस म्हणाला, "फाइव्ह जीच वापरा, तेच फास्ट." नाव दिसतेय, जोडणी होतेय, मग चालत का नाही? आणि सिग्नल किती आहे ते आकड्यात पाहायची सोय फोनमध्ये आहे का? काड्या बघून काही कळत नाही.

खाजें

बांदोड्याला फाइव्ह जी टॉवरचा कव्हरेज सगळीकडे सारखा नाही. सिमकार्ड बदलून बघा, किंवा फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 4G वर ठेवा. फोंड्याच्या बाजूला तेच करावे लागते.

तरंगमाप

खाजें, इथे मोबाइलच्या फाइव्ह जीचा काही संबंध नाही. राउटरच्या नावापुढचे `_5G` म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा बँड. मोबाइलच्या फाइव्ह जीतला जी म्हणजे पिढी. अक्षरे सारखी असल्याने घोटाळा होतो. सिम काढून टाकले तरी हे वायफाय जसे आहे तसेच राहील.

ताई, आधी मोजा, मग उपाय बघू. तुमचा फोन अँड्रॉइड असेल असे धरून सांगतो.

सेटिंगमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर जा, `Build number` वर सात वेळा बोट टेकवा. `Developer options` उघडतील. त्यात `Wi-Fi verbose logging` चालू करा. आता वायफायच्या यादीत प्रत्येक नावाखाली जास्तीची ओळ येईल, त्यात `RSSI` किंवा नुसता उणे आकडा दिसेल आणि फ्रिक्वेन्सीही दिसेल. २४०० च्या आसपासचा आकडा असेल तर २.४ चा बँड, ५१०० च्या पुढे असेल तर ५ चा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ही ओळ दिसत नाही. तसे झाले तर WiFiman किंवा WiFi Analyzer हे ॲप घाला. त्यांना लोकेशनची परवानगी द्यावी लागते, नाहीतर यादी रिकामी येते.

हा आकडा सिग्नलची शक्ती डीबीएममध्ये सांगतो, दोन आकड्यांतला फरक डीबीत मोजतात. तो उणे असतो, म्हणून शून्याच्या जवळचा तो चांगला. -५० म्हणजे उत्तम. -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त. -७० च्या खाली कुरबुर सुरू होते, -८० ला फोन धडपडतो. पायरी अशी लक्षात ठेवा: ३ ने खाली गेला की शक्ती निम्मी, १० ने खाली गेला की दहावा हिस्सा. म्हणजे -६० आणि -८० मध्ये शंभरपट फरक आहे. काड्यांमध्ये हा फरक दीड-दोन काड्यांचा वाटतो, आणि कुठल्या आकड्याला किती काड्या हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते.

मोजताना फोन ज्या उंचीवर वापरता तिथेच धरा, टेबलावर पालथा ठेवू नका. राउटरकडे एकदा तोंड आणि एकदा पाठ करून बघा, आपल्या अंगानेच पाच-सहा डीबी जातात. एका जागी अर्धा मिनिट थांबा, आकडा हलत राहतो, मधला धरा. दोन्ही नावांना जोडून प्रत्येक खोलीत एकेकदा.

कौलारू

तरंगमाप बरोबर सांगतायत. मी एवढेच जोडीन की ५ गिगाहर्ट्झ हवेतच लवकर विरतो, म्हणून रेंज कमी. आणि चिऱ्यात लोखंड असते, तांबडा रंग त्याचाच, म्हणून चिऱ्याच्या घरात तो अजिबात चालत नाही. एक बूस्टर घ्या, प्लगमध्ये घालायचा, मागच्या खोलीत लावा. विषय संपला.

तळमजला

मला उलटा अनुभव आहे. ताळगावला फ्लॅट, आजूबाजूला सव्वीस नावे दिसतात, सगळी २.४ वर. तिथे २.४ चा आकडा -४५ असूनही व्हिडिओ अडतो, आणि ५ चा -६५ असून सुरळीत. मग आकड्याला अर्थ काय?

तरंगमाप

तळमजला, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि महत्त्वाचा आहे. आकडा सांगतो आवाज किती मोठा येतो. शेजारी किती जण बोलतायत ते तो सांगत नाही. २.४ मध्ये एकमेकांना न घासणारी वाहिनी तीनच: १, ६ आणि ११. सव्वीस राउटर त्या तीनवर म्हटले की प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. सिग्नल दणदणीत, पण पाळी येत नाही. तुमच्याकडे ५ च योग्य. बांदोड्याच्या वाड्यात यादी काढली तर दोन-तीनच नावे निघतील, तिथे २.४ मोकळा आहे.

आता कौलारूंचे. अर्धे बरोबर आहे, पण कारण दुरुस्त केले पाहिजे, नाहीतर उपायही चुकतो. घरातल्या दहा-वीस मीटरमध्ये हवा दोन्ही बँडना सारखीच मोकळी आहे. फरक अँटेनाचा आहे. २.४ ची लाट साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची साडेपाचच्या आसपास. त्या मापाचा अँटेनाही लहान होतो. पाणी तेच, मासे तेवढेच, पण पागेर लहान असला तर जाळ्यात कमी येते, तसे. मोकळ्या जागेत यामुळे सुमारे ७ डीबीचा तोटा होतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्साच हाती येतो. राउटर ५ वर थोडी जास्त शक्ती सोडत असेल तर हा तोटा कमी दिसतो.

खरा मार भिंतीचा आहे. चिऱ्यातले लोखंड गंजलेल्या रूपात असते, दगडात विखुरलेले. ते पत्र्यासारखे आडवे येत नाही. अडवते ती भिंतीची जाडी आणि तिच्यात मुरलेले पाणी. जुन्या घराची भिंत हातभर जाड, दगड सच्छिद्र. ५ ची लाट अशा भिंतीत २.४ पेक्षा जास्त खाल्ली जाते. पत्रा म्हणाल तर फ्रिज, लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे खरे अडथळे. राउटर त्यांच्यामागे असेल तर आधी तो हलवा.

कौलारू

मग पाणी २.४ जास्त शोषते ना? मायक्रोवेव्ह त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो म्हणून.

तरंगमाप

ही समजूत फार पसरलेली आहे. मायक्रोवेव्ह २.४५ वर चालतो कारण तो पट्टा उद्योगांसाठी मोकळा ठेवलेला आहे, तिथे पाणी विशेष शोषते म्हणून नव्हे. पाण्याचे शोषण त्याच्याही पुढे, बरेच वर, वाढत जाते. म्हणून ओल्या भिंतीत ५ चे नुकसान २.४ पेक्षा जास्तच. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गडबडतो ते त्याच्या दारातून गळणाऱ्या लहरींमुळे.

तांबडी_माती

मोजले. घराची रचना अशी: सोपा, मग हातभर भिंत, मग माजघर, परत भिंत, मग मागची खोली. न्हाणी बाहेरच्या अंगाला. राउटरपासून अंतरे टेपने घेतली.

सोप्यात २ मीटरवर: २.४ ला -३८, ५ ला -४३.
माजघरात ६ मीटरवर: -५७ आणि -६९.
मागच्या खोलीत १० मीटरवर: -६८ आणि -८६. मधले दार उघडे होते.
न्हाणीत: -७६, आणि ५ चे नाव येते-जाते.

तरंगमाप

फार छान मोजलेत. हे आकडे नीट वाचले तर घराचा नकाशाच दिसतो.

सोप्यात दोन बँडमध्ये फरक ५. माजघरात १२. मागच्या खोलीत १८. अंतराने होणारी घट दोन्ही बँडना डीबीमध्ये सारखीच असते, त्यामुळे वाढत गेलेला फरक म्हणजे भिंतींची करामत. पहिल्या भिंतीने ५ चे ७ जास्त घेतले, दुसरीने ६.

एकेक भिंत किती खाते तेही काढता येते. २ मीटरचे ६ मीटर झाले की नुसत्या अंतराने साडेनऊ डीबी जातात. तुमचा २.४ एकूण १९ ने उतरला, म्हणजे भिंतीने साडेनऊ घेतले. ५ उतरला २६ ने, भिंतीचे साडेसोळा. दुसऱ्या भिंतीत ६ चे १० मीटर, अंतराचे साडेचार वजा करा: २.४ ला साडेसहा, ५ ला साडेबारा. दार उघडे असल्याने दुसरी भिंत हलकी वाटतेय. दार बंद करून मोजा, आकडा खाली जाईल.

आता तुमचा मूळ प्रश्न, नाव दिसते तरी चालत का नाही. राउटर आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा हाकारत असतो, आणि ती हाक सर्वांत सावकाश वेगात, २० मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात असते. ती दूरवर कळते. तुमचा डेटा मात्र ५ वर बहुतेक ८० मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यात जातो. पट्टा चौपट रुंद केला की त्यातला गोंगाटही चौपट येतो, म्हणजे ६ डीबीचा तोटा. मानकात सर्वांत हळू वेगासाठी रिसीव्हरला २० च्या पट्ट्यात -८२ आणि ८० च्या पट्ट्यात -७६ पर्यंत कळले पाहिजे, अशी किमान अट आहे. चांगली चिप त्याहून खाली जाते, पण -८६ ला भरवसा उरत नाही. हाक ऐकू येते, वाक्य कळत नाही.

आणखी एक गोष्ट काड्यांत कधीच दिसत नाही. आकडा राउटरकडून फोनकडे येणाऱ्या लहरींचा आहे. परतीच्या वाटेवर फोन बोलतो, आणि फोनची शक्ती राउटरपेक्षा कमी असते. व्हिडिओ कॉलमध्ये तुमचा चेहरा त्याच परतीच्या वाटेने जातो. म्हणून समोरच्याचे चित्र तुम्हाला स्वच्छ दिसते आणि तुमचे त्याला गोठलेले दिसते. हे लक्षण दिसले तर परतीची वाट कमी पडतेय असा आधी संशय घ्या. "जास्त पॉवरचा राउटर" म्हणून जे विकतात त्याने ही बाजू सुधारत नाही.

दर्याकाठ

मी वास्कोजवळ चिखलीला. आमच्याकडे ५ चे नाव दिवसातून दोन-तीनदा पूर्ण नाहीसे होते, एखाद्या मिनिटाने परत येते. भिंत नाही, राउटर समोरच असतो, आकडा -४८. हेही भिंतीचेच का?

तरंगमाप

नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ५ ची वाहिनी कुठली आहे ते बघा. ५२ ते १४४ मधली असेल तर त्या पट्ट्यात रडारला पहिला हक्क असतो. राउटरला रडारसारखी चाहूल लागली की त्याने वाहिनी सोडायची, आणि अशा दुसऱ्या वाहिनीवर जायचे तर किमान ६० सेकंद आधी कान देऊन ऐकायचे, असा नियम आहे. दाबोळी विमानतळ आणि नौदलाचा तळ तुमच्या जवळ आहे, त्यामुळे हे शक्य आहे. पण राउटर खोट्या चाहुलीनेही उठतो. राउटरच्या नोंदीत `radar detected` सारखी ओळ शोधा. नोंद मिळाली नाही तरी वाहिनी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधली ठेवून दोन दिवस बघा.

दर्याकाठ

वाहिनी १०० निघाली. ३६ केली. नोंदीचे पान मात्र कंपनीने बंद ठेवलेय, त्यामुळे रडारच होते का ते कळायचे नाही.

काजुबोंडू

आयफोनवाल्यांनी काय करायचे? मी चार ॲप घातली, एकातही आसपासच्या नावांपुढे आकडा येत नाही.

तरंगमाप

आयफोनवर आसपासच्या नेटवर्कचे आकडे बाहेरच्या ॲपना मिळत नाहीत. ॲपलचेच AirPort Utility घाला. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या पानावर जाऊन `Wi-Fi Scanner` चालू करा. ॲप उघडलात की वर `Wi-Fi Scan` दिसेल, त्यातल्या यादीत RSSI आणि वाहिनी दोन्ही येतात. मॅक असेल तर Option दाबून वरच्या वायफायच्या खुणेवर क्लिक करा, तिथे गोंगाटाचाही आकडा मिळतो. विंडोजच्या लॅपटॉपवर:

```
netsh wlan show interfaces
```

यात `Signal` टक्क्यांत येतो आणि कुठली वाहिनी तेही. टक्क्यांना डीबीएम समजू नका.

कौलारू

बूस्टरचे उत्तर राहिले.

तरंगमाप

प्लगमधला बूस्टर मागच्या खोलीत लावला तर तो -८६ चेच ऐकून पुढे सांगणार. त्याला कळले नाही ते तो ओरडून कसे सांगेल? लावायचाच तर माजघरात, जिथे -६९ येतो तिथे. तिथेही ऐकणे आणि सांगणे एकाच रेडिओने करावे लागले तर वेग निम्म्याच्या आसपास येतो.

ताई, तुमच्या घरासाठी मी असे करीन. आधी विनाखर्चाचे. राउटरच्या पानावर २.४ चा पट्टा २० मेगाहर्ट्झ करा, वाहिनी १, ६, ११ पैकी यादीत सर्वांत कमी गर्दीची. ५ चा पट्टा ८० वरून ४० वर आणा, त्याने ३ डीबी हाती लागतात आणि माजघरात फरक जाणवेल. मागच्या खोलीत फोनला ५ चे नाव `Forget` करा, २.४ वरच ठेवा. -६८ ला मोकळ्या २.४ वर व्हिडिओ कॉलला लागणारे तीन-चार एमबीपीएस आरामात मिळतात. कॉलला वेग थोडाच लागतो, सलगपणा लागतो.

खर्च करायची तयारी असेल तर माजघरात तारेने जोडलेला दुसरा राउटर. सोप्यातल्या डब्याच्या लॅन पोर्टमधून कॅट ६ ची केबल, कौलांखालून वाशांच्या कडेने माजघरात आणा. भिंत फोडायची गरज नाही, वर भिंत आणि कौल यांच्या फटीतून जाते. १५ मीटर पुरते, वळणांसाठी दोन मीटर जास्त धरा. विजेच्या तारेला चिकटवून नेऊ नका. दुसरा राउटर `Access Point` मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता 192.168.1.2 करा (पहिला 192.168.1.1 असेल तर), त्याचे डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या वॅन ऐवजी लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायचे विसरलात तर दोन्ही डबे पत्ते वाटत बसतात आणि कधी नेट चालते, कधी चालत नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, वाहिनी वेगळी.

मग मागच्या खोलीत काय मिळेल? राउटर तिथून ४ मीटरवर येतो. २ मीटरला -४३ होता, ४ मीटरला ६ कमी, वर दुसऱ्या भिंतीचे साडेबारा. -६२ च्या आसपास यायला हवे.

तांबडी_माती

केबल ओढली, जुना पडून असलेला राउटर लावला. पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केले. मागच्या खोलीत ५ ला -६३, दार बंद केले तर -६६. कॉल ५ वर नीट चालतो. न्हाणीत ५ ला -७९, तिथे २.४ च.

एक अडचण आहे. सोप्यातून मागच्या खोलीत गेले की फोन सोप्यातल्याच राउटरला धरून बसतो, वायफाय बंद-चालू केले की मगच माजघरातला पकडतो.

तरंगमाप

अंदाज आणि माप एका डीबीने चुकले, त्याहून बारीक कुणाला काढता येत नाही.

फोन धरून बसतो त्याला कारण आहे. कधी सोडायचे ते फोन ठरवतो, राउटर नव्हे. आयफोन साधारण -७० ला दुसरा शोधू लागतो, अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे वेगळे. सोप्यातल्या २.४ ची शक्ती एक पायरी कमी करा, म्हणजे मागच्या खोलीत तो -७० च्या खाली जाईल आणि फोन हलेल. पण तसे केल्याने घरापुढच्या बाल्कांवात २.४ अपुरा पडतो का ते तुम्हालाच मोजून बघावे लागेल.

कौलारू

शक्ती कमी करून रेंज सुधारते हे मला अजून पटत नाही.

तळमजला

रेंज नाही, उडी सुधारते. पण कंपनीने दिलेल्या डब्यात शक्तीचा पर्याय असतोच असे नाही. माझ्यात नाही.

तांबडी_माती

माझ्यातही नाही. सोप्यातल्या डब्याचा २.४ पूर्ण बंद करून माजघरातल्याचाच ठेवावा का? बाल्कांवात सासरे रेडिओ ऐकतात तो वायफायवरच.

तरंगमाप

बंद करून बाल्कांवात मोजा. माजघरातून एकच भिंत आडवी असेल तर २.४ ला साडेनऊ जातील. -६० ते -६५ मिळाले तर रेडिओला भरपूर. पण बाल्कांवाची भिंत दर्शनी आहे, पावसात भिजते. आज मोजाल तो आकडा जुलैत तोच राहील असे मी छातीठोक सांगणार नाही. पावसाळ्यात एकदा परत मोजून इथे टाका, ओल्या चिऱ्याचे माप मलाही हवे आहे.